गुणवंतीच्या पाटीतला बर्फ

मोर्चा परळवरून निघाला आणि लालबागच्या नाक्यावर ट्रामा अडकून पडल्या. भर वैशाखातली दुपार! मी, आई आणि कोंडीराममामा ट्रामनं दादरला निघालो होतो. मामा गिरणीत बॉयलरवरची पाळी करून तसाच आलेला.

आम्ही रस्त्यावर उतरलो, तर आधी आई खाली बसली. "डोकं फुटतंय गं. पोटऱ्यांत गोळे आले." आणि ओकली. अंग घामानं चिंब, हात गार. पण मला नावानं हाक मारत होती, नीट बोलत होती.

शाळेत प्रथमोपचारात माझा पहिला नंबर! मी पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली. "हा उन्हाचा थकवा आहे. सावलीत आडवी करा! पाय उंच! लिंबूपाण्यात मीठ-साखर, घोट घोट द्या!"

आणि सगळी मोठी माणसं चक्क माझं ऐकत होती! नाक्यावर मासे विकणाऱ्या गुणवंती कोळणीनं तर पाटीतला बर्फ फडक्यात बांधून आईच्या कपाळावर ठेवला. "आय माजी बिचारी!" थोड्या वेळात आई उठून बसली.

"मामा, बघितलंस?" म्हणत मी वळले.

मामा ट्रामच्या दांड्याला धरून झुलत होता. "बॉयलरचं दार लाव रे," तो मला म्हणाला. मला! मी हात लावला. अंग तव्यासारखं, सदरा कोरडा.

"चढलीय!" कंडक्टर ओरडला. "दारूबंदी आहे, ठाऊक नाही?"

लोक खो खो हसले.

"तो पीत नाही! हा उष्माघात आहे! याला बोलायचं भान नाही, पाणी पाजू नका, अंगावर ओता! बर्फ द्या!"

"बेवड्याला बर्फ?" गुणवंतीनं पाटी मागं ओढली. "माजा म्हावरा काय तुजा मामा राखील?"

"अगं, आत्ता मला दिलास ना!" आई कळवळली.

"तुला बरं नव्हतं, बाय."

मी पाटीत हात घातला, मूठभर बर्फ मामाच्या मानेवर दाबला. मोर्च्याच्या बंदोबस्तावरच्या हवालदारानं माझं मनगट पिरगाळलं. बर्फ रुळांत पडला. मामा कोसळला, हातपाय झाडायला लागला.

"बघा, नाटकं!" हवालदार म्हणाला. "चौकीत बसू दे, उतरेल."

चौकीच्या पत्र्याखाली त्याला बसवला. दार बंद. मी बाहेरून ओरडत होते, घसा बसेपर्यंत. तो हलेनासा झाला तेव्हा कुठे त्यांनी त्याला इस्पितळात नेला, तेही तोंडाचा वास बघायला.

डॉक्टर वाकले. काखेत थर्मामीटर लावला, पारा टोकाला. मग नाडी धरली आणि हात खाली ठेवला.

"दारू नाही. ऊन. वेळेत गार केलं असतं, तर बहुतेक वाचला असता."

"म्हणजे प्यायलेला नव्हता?"

"नाही."

"मग केस नाही," हवालदार आईला म्हणाला. "न्या घरी."