राऊटरची लोकरी टोपी

राजलक्ष्मीच्या घरातलं नेट दर दोन-तीन तासांनी जायचं. बरं, तेही ती फोनवर एखाद्या चिडलेल्या ग्राहकाशी बोलत असताना. कळससारख्या गावात बसून पुण्याच्या विमा कंपनीचं काम करायचं म्हणजे नेट हाच तिचा जीव. मोबाईलची रेंज गच्चीच्या एका कोपऱ्यात यायची, तीही मनात आलं तर. चाचणीचा काळ संपत आला होता. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की सोमवारच्या शेवटच्या मीटिंगमध्ये तरी आवाज तुटता कामा नये. नोकरी पक्की झाली, तर आठवड्यातले दोन दिवस पुण्याला जावं लागणार होतं.

नवरा सौरभ बारामती एमआयडीसीत एका दूध डेअरीत शीतकरण यंत्रांवर होता. टाक्यांमधलं दूध गार राखणं हे त्याचं काम. नेट गेलं की संध्याकाळी तो तिच्याशेजारी मांडी घालून बसायचा. "काळजी कशाला करतीस? मी हाय की," म्हणायचा. किती बरं वाटायचं तिला! नवरा असावा तर असा, असं माहेरी सांगायची बिचारी.

आधी तो म्हणाला, फर्मवेअर जुनं झालंय, म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर. त्यानंच ते अपडेट केलं. दुसऱ्या दिवशी नेट पुन्हा गेलं. मग म्हणाला, शेजारच्या सगळ्यांचे राऊटर एकाच चॅनेलवर बसलेत, गर्दी झालीय. चॅनेल बदललं, तरी रड तीच.

"गरम तर होत नसंल?" तिनं विचारलं होतं.

"छ्या, एवढ्याशा डब्याला काय उष्णता व्हायची!" तो हसला होता.

सोमवारी सौरभ कामावर गेल्यावर मात्र तिनं लॅपटॉपला सरळ केबल जोडली. गर्दीचा त्रास वायफायला होतो, तारेला कसा होईल? थोड्या वेळानं केबलवरचंही नेट गेलं. ती धावत बाहेरच्या खोलीत आली. शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर राऊटर ठेवलेला. त्याचे सगळेच दिवे विझून पुन्हा एकेक करून लागत होते. म्हणजे चॅनेलचा संबंधच नव्हता, राऊटरच बंद पडून पुन्हा सुरू होत होता. त्याच्या अंगावर सासूबाईंनी विणलेली लोकरीची टोपी होती. टीव्हीला, मिक्सरला, सगळ्यालाच त्या काहीबाही विणून घालायच्या, म्हणून तिनं कधी लक्षच दिलं नव्हतं. तिनं टोपी काढून राऊटरला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

राऊटर तिनं खिडकीत, वाऱ्यावर मांडला. मीटिंग झाली. एक शब्द तुटला नाही. मॅडम म्हणाल्या, पुढच्या सोमवारी पुण्याला या.

आनंदानं ती सासूबाईंना सांगायला वळली, तर बनाबाई खिडकीशी उभ्या. टोपी हातात घेऊन राऊटरला घालायच्या बेतात होत्या.

"आत्या, नको. उष्णतेनंच बंद पडत होतं ते."

"अगं, उघडं कसं ठिवायचं?" बनाबाई गोंधळल्या. "सौरभनंच सांगितलंय. विरजणागत उबंत ठिवायचं असतं म्हणला, मग रेंज धरती. तुझं काम लागलं तवा त्यानंच हितनं उचलून शोकेसात ठिवलं आन् टोपी इणून मागितली. म्हणला, राजीला सांगू नगंस, हसंल ती तुला."

राजलक्ष्मीनं टोपी त्यांच्या हातून काढून घेतली. जो माणूस दिवसभर दूध गार ठेवतो, त्याला उष्णता कळत नव्हती? फर्मवेअर काय, चॅनेल काय, मांडीला मांडी लावून केलेलं ते सगळं सोंग होतं. आणि नोकरी लागली तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर हाच म्हणाला होता, जा की पुण्याला, मी कुठं अडवतोय. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. भोळ्या आईच्या हातूनही कापायला लाजला नाही, याचा तिला जास्त राग आला.

संध्याकाळी सौरभ आला तो पेढे घेऊनच. तिनं तोंड उघडायच्या आत तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे, राजी. न्हाय जमलं तर न्हाय. मनाला लावून घिऊ नगंस. मी हाय की."

म्हणजे पेढे सांत्वनाचे होते. ती हरणार याची त्याला एवढी खात्री होती.

तिनं त्याचा हात खांद्यावरून काढला आणि त्या हातात लोकरीची टोपी ठेवली.

"तुमच्या डेअरीतल्या टाकीला घाला," ती म्हणाली. "दूध टिकतंय का बघा."

सौरभनं शोकेसकडं बघितलं. जागा रिकामी होती. मग खिडकीकडं बघितलं, मग आईकडं. बनाबाईंच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडत होता, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

"राजी, तू जाशील म्हणून..." तो पुटपुटला.

"दोनच दिवस जाणार हुते," ती म्हणाली. "आता तितंच खोली बघती."