दोन जावा, एक खातं

माझा फोन चार्जिंगला होता म्हणून मी एकदाच, फक्त एकदाच, जाऊबाईंच्या फोनवरून रमीच्या अ‍ॅपमध्ये माझ्या खात्यात लॉगिन केलं. त्यांचंही तिथे वेगळं खातं आहे. आज जिंकलेले पैसे काढायला गेले, तर खातं बंद, शिल्लक जप्त!

हेल्पलाइनवाला म्हणाला, "मॅडम, फोन एक, पत्ता एक, वायफाय एक. सिस्टीमला ही दोन्ही खाती एकाच माणसाची वाटतात."

"अहो, आम्ही जावा आहोत! एका ओट्यावर आमचं पटत नाही, आणि तुम्ही आम्हाला एक माणूस करता?"

"एका माणसाला एकच खातं, असं नियमात लिहिलंय, मॅडम."

मागून जाऊबाई कडाडल्या, "माझंही बंद केलंय मेल्यांनी! विचार गं त्याला, पैसे भरताना आम्ही दोघी होतो, मग काढताना एकच कशा झालो?"

मी विचारलं. त्याने फोन ठेवला.