टिकमार्क

"'रुग्णांना समजेल.' तुला हे दिसणार कसं?" सिस्टरनी माझ्या आराखड्यावर बोट ठेवलं.

मी मधुमेहाच्या गटवर्गाची आहारतज्ज्ञ. सात वर्षं वर्ग घेतेय, आणि नव्या बॅचची उद्दिष्टं लिहिताना या बाई मला शब्द शिकवणार! मी म्हटलं, "दिसतं हो. माना डोलावतात ना!"

"मान तर माझा नवराही डोलावतो. शेवटी ते काय करून दाखवतील, ते लिही."

मला राग आला. आराखडा मागच्याच वर्षीचा होता, फक्त तारीख बदललेली. चाळीस मिनिटं मी बोलणार, पाच मिनिटं शंका. शंका कुणी विचारत नसे, म्हणून वर्ग कसा वेळेत संपायचा!

बाहेर बाकावर आमचे शिंपी मास्तर बसले होते. मागच्या बॅचचे, पहिल्या रांगेतले, माझे लाडके. इन्सुलिन घेतात. म्हटलं, थांबा सिस्टर, दाखवतेच तुम्हाला. त्यांना आत बोलावलं.

"मास्तर, हातपाय कापायला लागले, घाम फुटला, तर काय करता? करून दाखवा."

मास्तरांनी झटकन खिशातून गोळी काढली. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, बिनसाखरेची.

"साखर बंद ना, मॅडम. परवा मशीनवरच डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन गोळ्या चघळल्या, तरी पडलोच. शेजाऱ्यानं चहा पाजला, तेव्हा कुठे उठलो. त्याला म्हटलं, मॅडमना सांगू नकोस हं, साखरेचा चहा होता."

चहानं वाचलेला माणूस माझ्यापासून चहा लपवत होता! रक्तातली साखर उतरली की तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे मी सांगितलं होतं. पस्तिसाव्या मिनिटाला, घाईघाईत. त्याआधी अर्धा तास साखर कशी वाईट तेच घोकलं होतं. आणि रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे माझीच टिक, 'उद्दिष्ट साध्य'.

"माझंच चुकलं, मॅडम," मास्तर म्हणाले. "तुम्ही चांगलं शिकवलं होतंत."

लाज वाटली. इतकी की वर बघवेना. मी कपाटातून साखरेचा डबा, चमचा, पाण्याचा ग्लास काढला. मास्तरांच्या गोळ्याही शेजारी मांडल्या. "यातलं काय घ्याल, किती, आणि पुन्हा कधी तपासाल? मी बोलणार नाही. तुम्ही करा."

त्यांचा हात आधी गोळीकडेच गेला. मग थांबला. तीन वेळा चुकून चौथ्यांदा जमलं. नव्या आराखड्यात मी तेच लिहिलं: 'प्रत्येक जण योग्य वस्तू निवडून, मोजून, करून दाखवेल.' माझं बोलणं दहा मिनिटांवर आणलं.

मग रजिस्टर उघडून त्यांची टिक खोडायला लागले, तर मास्तर घाबरले.

"खोडू नका हो. घरी सांगितलंय, पास झालो म्हणून."

"पास तुम्ही आत्ता झालात, मास्तर," मी म्हटलं आणि रेघ ओढली. त्या पानावर अजून एकोणीस टिका होत्या. सिस्टरनी न विचारता फोन माझ्याकडे सरकवला.