ओल्या बाभळीचा आस

भय्याजी बाभळीचा ओंडका खांद्यावर टाकून अंगणात आला, तेव्हा त्याच्या मानेवरून सालीतलं पाणी ओघळत होतं. कांताने ते पाहिलं आणि हातातली परात खाली ठेवली. लाकडाला अजून झाडाचा वास होता.

"हे तं ओलं हाय," ती म्हणाली.

"बाभूळ हाय. लोखंडापरीस कमी नाई," भय्याजी म्हणाला आणि ओंडका त्याने तिच्या भावासमोर, आनंदरावासमोर, धपकन टाकला.

आनंदराव कॅम्प-दोन या वस्तीत सुतारकी करायचा. भंडाऱ्याकडून भिलाईला आला तेव्हा कांता त्याचं बोट धरून आली होती, आणि भय्याजीशी तिचं लग्न त्यानेच लावून दिलं. भय्याजी हातगाडी ओढायचा. पॉवर हाउस भागातल्या बाजारातून, मालधक्क्यावरून, जिथे ट्रक शिरत नाही अशा गल्ल्यांमधून तो माल पोचवायचा आणि कांता मागून गाडी ढकलायची. त्याची जुनी गाडी होळीच्या सुमारास मधोमध मोडली होती. तेव्हापासून तो घरात बसून होता, आणि बसलेला भय्याजी म्हणजे झाकण दाबून ठेवलेलं उकळतं भांडं.

आता काम आलं होतं. कारखान्यातून निवृत्त झालेले नरहरी बाबू कॅम्पात पिठाची गिरणी टाकणार होते. ओतीव लोखंडाचा सांगाडा, दोन दगडी जाती आणि मोटार असं सगळं धूड नाल्याकाठच्या उतरत्या गल्लीतून खाली न्यायचं होतं.

आनंदरावाने ओंडका उलटापालटा केला. एका टोकाशी मुठीएवढी गाठ होती. तिच्यावर त्याने अंगठा ठेवला.

"जवाईबुवा, बाकी सामान मी कोरडं लावतो. रेल्वेचे जुने स्लीपर घेऊन ठेवले हायेत माह्याजवळ, त्याच्या दांड्या होतीन. चाकाले साजाच्या लाकडाच्या फळ्या हायेत. पण चाकायचा आस ओल्या लाकडाचा नोका लावू. दोन पावसाळे सावलीत पडू द्या त्याले."

"दोन पावसाळे मी का खाऊ? नरहरी बाबू दुसऱ्याले बोलावून राहिले. तुमाले जमत नसन तं सांगा, मी दुसरा सुतार पाहतो."

आनंदराव बहिणीकडे पाहत राहिला. कांताने मान खाली घातली. दुसरा सुतार गाठीकडे पाहणारसुद्धा नाही, हे तिघांनाही कळत होतं. आनंदरावाने कानावरची पेन्सिल काढली.

वैशाखाचे दिवस होते. अंगणातल्या कडुलिंबाखाली काम सुरू झालं. फळ्यांचे दोन थर एकमेकांवर आडवे-उभे ठेवून आनंदरावाने चाकं केली, म्हणजे एका थराची चीर दुसऱ्यातून पुढे जाऊ नये. मधोमध खिळा ठोकून, त्याला दोरी बांधून वर्तुळ आखलं. दुसरं चाक पहिल्यावर ठेवूनच कापलं, कारण एक चाक जरा लहान झालं तरी गाडी त्या बाजूला वळते. लोहाराने लोखंडी धावा लाल करून चाकांवर चढवल्या आणि पाणी ओतलं. वाफ उठली आणि धावा आवळून बसल्या.

दांड्या, आडव्या पट्ट्या आणि पुढची मूठ जोडून सांगाडा तयार झाल्यावर आनंदरावाने कांताला हाक मारली. "हे टोक धर." दोघांनी दोरी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये. दोन्ही मापं सारखी आली. सांगाडा चौकात, म्हणजे नेमका काटकोनात होता.

मग आस. अख्खा लोखंडी गज लोहाराकडे नव्हता, म्हणून बाभळीच्या दोन टोकांना गजाचे आखूड तुकडे ठोकून बसवावे लागले. त्यांच्यावरच चाकं फिरणार होती. डाव्या टोकाचा तुकडा गाठीपाशी आला. आनंदरावाने आसाची टोकं बदलून पाहिली, आस फिरवून पाहिला. गाठ कुठे ना कुठे येतच होती. ती कापून टाकावी तर लाकूड पुरत नव्हतं.

गाडी उभी राहिली तेव्हा भय्याजीने मूठ धरून ती गल्लीतून धावतच पळवली. शेजारपाजारचे पाहायला आले. गाडी सरळ गेली, सरळ आली. भय्याजी कितीतरी दिवसांनी हसला. कांतालाही हसू आलं, पण तिने भावाकडे पाहिलं. तो हसत नव्हता. कडुलिंबाची सावली सरकली होती आणि आसाच्या एका अंगाला लूचा तापलेला वारा थेट लागत होता.

"दादा, गोणपाट ओलं करून टाकू का त्याच्यावर?"

"टाक," तो म्हणाला. "जेवढं हळू वाळन तेवढं बरं."

तिने ओलं गोणपाट टाकलं. ते वाळलं की पुन्हा भिजवलं. पण ती पाण्याच्या नळावर गेली, रांगेत उभी राहिली, परत आली, तेवढ्यात गोणपाट पापडासारखं कडक झालेलं असायचं. लाकडातून मधूनच बारीक टक् असा आवाज यायचा. घरात कुणी बोलत नसलं की तो स्वयंपाकाच्या जागेपर्यंत ऐकू यायचा. भय्याजीला तो ऐकू येत नव्हता, किंवा तो ऐकत नव्हता.

गिरणी आणायच्या आदल्या दिवशी आनंदरावाने गाडी सपाट जागी नेली आणि नुसती ढकलून सोडून दिली. थोडं अंतर गेल्यावर गाडी डावीकडे वळली. पुन्हा सोडली. पुन्हा डावीकडेच.

त्याने मुठीच्या मध्यावर दोरी धरली. कांताने दुसरं टोक उजव्या चाकाच्या मध्यावर नेलं, मग डाव्या. डाव्या चाकाला दोरी बोटभर कमी पडली.

"टोक मागं गेलं," आनंदराव म्हणाला. "गाठीपाशी वाकून राहिलं. चाकाचं तोंड बाहेर झालं, म्हणून ओढते."

भय्याजी बाजेवरून उठला. "मग करा न सरळ."

आनंदरावाने डाव्या बाजूला, आस आणि दांडी यांच्यामध्ये, मागून पाचर ठोकली आणि आस तेवढाच पुढे आणला. गाडी पुन्हा सोडली. सरळ गेली.

"झालं!" भय्याजी म्हणाला.

"झालं नाई. रिकामी सरळ गेली. लाकूड अजून हलून राहिलं. पाचरीनं आस फिरला, गाठ थोडीच मिटली? वजन पडलं तं तिथंच उघडन." त्याचा आवाज चढला होता; तो सहसा चढत नसे. "उद्या नोका जाऊ, जवाईबुवा."

"उद्या गिरणी येते." भय्याजी आत निघून गेला.

आनंदराव बराच वेळ गाडीपाशी उकिडवा बसून राहिला. मग त्याने चाकाला अडवायला एक उतरता ठोकळा कापला आणि कांताच्या हातात दिला.

"मीबी येतो. मागून दोर धरतो. तू उजव्या चाकापाशी राह्य. नाला डावीकडं हाय न? गाडी नाल्याकडं जाऊ लागली तं ठोकळा उजव्या चाकासमोर टाकजो. डाव्या नाई. डावं चाक अडवलं तं गाडी त्याच्याभवती फिरते, मंग सिधी नाल्यात. समजलं?"

"समजलं."

"पाह्य, लोकं उलटंच सांगतीन."

सकाळी सकाळीच लू सुटली. मालधक्क्यावर गिरणी चढवली. आनंदरावाने दगडी जाती आसाच्या किंचित पुढे ठेवायला लावली, म्हणजे मुठीवर थोडासाच भार येईल आणि गाडी मागे उलटणार नाही. सपाट रस्त्यावर गाडी सुतासारखी चालली. नरहरी बाबू छत्री घेऊन सोबत चालत होते आणि भय्याजीची तारीफ करत होते. भय्याजीची पाठ ताठ झाली होती.

कांता मात्र चाकाकडे पाहत नव्हती, ऐकत होती. धावेचा खडखडाट, त्याखाली आसाचं कुरकुरणं, आणि त्याच्याही खाली काहीतरी फाटत गेल्यासारखं.

गल्लीच्या तोंडाशी आनंदरावाने गाडी थांबवली. "उलटी करा. मूठ वरच्या बाजूले राहू द्या, गाडी मागं मागं उतरू द्या. तुमी तिच्यासमोर नोका येऊ."

भय्याजीने गल्लीकडे पाहिलं. उजवीकडे घरांच्या भिंती, डावीकडे कठडा नसलेला नाला, आणि मधे गाडी जेमतेम मावेल एवढी वाट. "इथं फिरवाले जागा कुठं हाय?" तो म्हणाला आणि मुठीच्या आत शिरून उतरू लागला.

मधल्या वळणापर्यंत काही झालं नाही. मग टक् झालं. या खेपेला ते भय्याजीनेही ऐकलं. त्याचे खांदे आखडले. डावं चाक बाहेर तोंड करून नाल्याकडे चाललं आणि सगळं धूड त्याच्यामागे.

"धरा!" भय्याजी ओरडला. आनंदरावाने दोर कमरेभोवती घेतला, पण तो घसरत पुढे खेचला गेला. भय्याजी दोन्ही हातांनी मूठ उजवीकडे रेटत होता आणि त्याचे पाय मातीतून ओढले जात होते.

"डाव्या चाकाले लावा! अगं, डाव्या!" नरहरी बाबू छत्री नाचवत ओरडले. दारातल्या बायाही तेच ओरडल्या. चाक तर डावंच पळत होतं.

कांताने भय्याजीकडे पाहिलं. ठोकळा इकडे टाकला की मूठ भिंतीकडे जाईल, आणि मुठीच्या आत तो होता. हे तिला आत्ता दिसलं. भावाने हे सांगितलं नव्हतं. कदाचित म्हणूनच सांगितलं नव्हतं.

तिने ठोकळा उजव्या चाकासमोर टाकला.

गाडी त्या चाकाभोवती गरकन फिरली. पुढची दांडी भिंतीवर आदळली आणि भय्याजीचा आवाज मधेच तुटला. त्याच क्षणी आस डावीकडे गाठीपाशी दुभंगला, गज निसटला, चाक एकटंच घरंगळत नाल्यात गेलं. गाडी डाव्या कोपऱ्यावर बसली आणि काठापासून वीतभर अलीकडे अडकून राहिली. दगडी जाती हललीसुद्धा नव्हती.

भय्याजीच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि कंबरेचं हाड सरकलं होतं. नाल्यात गेला असता तर ते सगळं लोखंड त्याच्यावर पडलं असतं, असं दवाखान्यात जो येई तो म्हणे. भय्याजी ऐकून घ्यायचा. एका दुपारी दोघंच असताना तो छताकडे पाहत म्हणाला, "तू माह्याकडं पाह्यलं होतं. मंग टाकला."

"हो."

"कावून?"

"दुसऱ्या बाजूनं टाकला असता तं तुमी नसते."

त्याने मान भिंतीकडे वळवली. तिने पाण्याचा पेला त्याच्या हाताशी ठेवला. मग त्याचा हात चाचपडत आला, पण पेल्यावर नाही, तिच्या मनगटावर. पकड घट्ट होती, दुखेल इतकी. ती पकड कशाची आहे, हे तिला कळेना. तिने हात सोडवून घेतला नाही.

तो घरी आला तेव्हा काठी धरून चालत होता. वजन ओढायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

कांता भावाकडे गेली. आनंदराव रंधा मारत होता. त्या दिवसापासून तो कमी बोलू लागला होता. तिला पाहून त्याने हात थांबवला.

"दादा, गाडी पाह्यजे."

"कोणाले?"

"कोरड्या लाकडाची. कितीबी दिवस लागू दे. तोवर मी फरशीच्या कामावर जातो."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग कोपऱ्यातून पट्टी घेतली, तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "हात सरळ सोड. ढिला. मूठ तुह्या मापाची करा लागन."

तिने हात सोडला. आनंदरावाने जमिनीपासून तिच्या मुठीपर्यंतचं माप घेतलं.