भरलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे, सैनिकाच्या कमरेला लटकणारी. अंग ॲल्युमिनियमचे, वर जाड लोकरी कापडाचे आवरण, बूच साखळीने बांधलेले. कारखान्यात माझ्यासारख्या हजारो घडल्या. त्यांतली मीच कवितेत गेले, म्हणून मला वर्गातल्या काचेच्या कपाटात मानाची जागा मिळाली. असला मान कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

कविता माझ्या मालकाची, चारच ओळींची:

बाटली भरलेली आहे,
ओठ फुटले आहेत.
अजून नाही, म्हणालो मी,
अंधार पडू दे.

पाठ्यपुस्तकात खाली अर्थही छापलेला आहे. शूर सैनिक तहान मारून पाणी राखतो आणि अंधार पडताच शत्रूवर तुटून पडायची वाट पाहतो. मुले शेवटच्या ओळीला मूठ वर करतात, टाळ्या पडतात. पण खरे काय घडले ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होते.

खंदकात मालकाशेजारी त्याचा जिवलग दोस्त असे. काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला ‘पैलवान’ म्हणत. भर दुपारी त्याच्या पोटात गोळी शिरली. मलमपट्टी करणाऱ्या जवानाने जखम घट्ट बांधली आणि मालकाला बजावले, “पोटाची जखम आहे. कितीही मागू दे, पाण्याचा थेंब द्यायचा नाही. स्ट्रेचर अंधार पडल्यावरच येईल, वाटेवर गोळीबार चालू आहे.” तो दुसऱ्या जखमींकडे धावला.

पैलवान पाणी मागत राहिला. आधी चेष्टेने म्हणाला, “अरे कंजूस, पाणीच मागतोय, तुझी जमीन नाही.” मग चेष्टा संपली. मालक माझ्यातल्या चार थेंबांनी ओल्या केलेल्या फडक्याने त्याचे ओठ टिपायचा आणि म्हणायचा, “अजून नाही. अंधार पडू दे, ते येतील.” मी भरलेली, दोघांच्या मध्ये पडून होते. मालकानेही घोट घेतला नाही. दोस्तासमोर कसा घेणार?

स्ट्रेचर आले. पैलवान वाटेतच गेला.

इस्पितळाच्या तंबूत, मलमपट्टीवाल्या जवानासमोरच, डॉक्टरांनी जखम पाहिली आणि थकल्या आवाजात म्हणाले, “हा वाचणारच नव्हता. दोन घोट दिले असते तरी काही बिघडलं नसतं.” त्यांनी ते सहज म्हटले. मालकाने मात्र तिथेच पट्ट्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर त्या चार ओळी लिहिल्या. कविता संपली तेव्हाही मी भरलेलीच होते.

युद्ध संपले, कविता गाजली. मालकाने कुणालाही काही सांगितले नाही. त्याची मुलगी पुस्तकातली ती कविता शिकली तेव्हा केवढी हरखली होती! घरी येऊन तिने ती ठसक्यात म्हटली, मूठ उगारून. तो ताडकन उठला. “बंद कर ते,” म्हणाला आणि बाहेर निघून गेला. पोरीचे तोंड एवढेसे झाले. त्यानंतर तिने त्याच्यासमोर कधी कविता म्हटली नाही. मोठी होऊन ती मराठीची बाई झाली, इतरांच्या मुलांना जीव लावून कविता शिकवू लागली, पण बापाशी बोलणे जेवलात का, औषध घेतलंत का, एवढेच. मी फळीवरून दोघांकडे पाहत राही. मला बोलता येत नाही याचे तेव्हा फार वाईट वाटे.

मालक गेला तेव्हा मलमपट्टीवाला भेटायला आला. आता तोही म्हातारा झाला होता. आल्याआल्या बाईंनी त्याला पाणी दिले. “बाबांची शिस्त. दारात कुणी आलं की आधी पाणी, मागायची वाट बघायची नाही,” त्या म्हणाल्या. म्हाताऱ्याने पेला तसाच खाली ठेवला. मग त्याने सगळे सांगितले.

बाई म्हणाल्या, “काका, मी मूठ उगारून म्हटली होती हो त्यांच्यापुढे.”

“तुला कुठं ठाऊक होतं, बाळ.”

“त्यांना वाटलं असेल, आपल्याच घरात आपल्याला कुणी वाचलं नाही.”

त्यानंतर बाईंनी मला वर्गात आणले. मुलांना आधी छापलेला अर्थ सांगू दिला, मग खंदकातली दुपार सांगितली आणि विचारले, “आता ओठ कुणाचे? ‘अजून नाही’ कुणाला म्हटलंय? अंधारात कोण येणार होतं?” एकही शब्द बदलला नव्हता, तरी मुलांच्या मुठी आपोआप उघडल्या. “म्हणजे ही माफी आहे?” एका मुलीने विचारले. बाईंनी मान हलवली. “हो. पण पहिल्या अर्थाचं धैर्यही खोटं नाही. जीव वाचावा म्हणूनच ते नाही म्हणत होते.”

मित्रांनो, कविता जरूर पाठ करा, पण ती कुठे बसून, कुणासाठी लिहिली तेही विचारा. आणि लिहिणारा घरातच असेल तर वेळेवर विचारा. वर्ग सुटला की बाई रोज कपाटाजवळ येतात आणि ती कविता हळू आवाजात म्हणतात. ऐकायला मी एकटीच असते.