काळा कोपरा

बुद्धिबळ क्लबच्या भिंतीवर विजेत्यांच्या नावांचा फळा आहे. गेली एकोणीस वर्षं त्यावरची नावं बाबाच रंगवतात. त्यांचं स्वतःचं नाव त्यात एकदाही आलेलं नाही. चष्म्याचं दुकान चालवणारे काका दर वर्षी विचारायचे, "पेंटर, यंदा तरी स्वतःची सही करणार का?"

या वर्षी ते जमण्यासारखं होतं. शेवटच्या फेरीत बाबांना जिंकायचं होतं. बरोबरी झाली, तर चषक काकांचा. आणि समोर बसले होते मी.

सहा महिन्यांपासून बाबा विसरायला लागले होते. गॅस बंद करणं, शेजाऱ्यांचं नाव. डॉक्टरांनी आईला जे सांगितलं, ते आईने मला जिन्यात सांगितलं. त्या सकाळी डबा हातात देताना ती म्हणाली, "जिंकू दे त्यांना. पुढच्या वर्षी कोण जाणे." मी हो म्हटलं.

दुपारपर्यंत सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. बाबांकडे पांढऱ्या घरांवरून चालणारा उंट आणि उजव्या कडेची दोन प्यादी. माझ्याकडे फक्त एक घोडा. आतल्या बाजूचं प्यादं एक घर पुढे आलं, आणि माझ्या घोड्याने ते खाल्लं. बाबांच्या राजाने घोडा मारला.

मी काय केलं, ते मला त्यानंतर कळलं. आधी हात गेला, मग डोकं.

मी सात वर्षांची असताना बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेच शिकवलं होतं. हरत असशील तर आतलं प्यादं खा, त्यासाठी घोडा गेला तरी चालेल, पण कडेचं राहू दे. मग कोपरा बघ. ते प्यादं जिथे वजीर होणार, तो कोपरा काळा आणि उंट पांढऱ्या घरांचा असेल, तर उंट जन्मभर फिरला तरी त्या घराला हात लावू शकत नाही. तुझा राजा तिथे जाऊन बसला, की त्याला बाहेर कोण काढणार? फार जोर लावला तर त्याला हलायला घर उरत नाही, पण शहही नसतो. म्हणजे बरोबरी. "भाडं थकवलेला भाडेकरू," बाबा म्हणायचे. "निघतच नाही."

आता माझा राजा त्या कोपऱ्याच्या शेजारी उभा होता.

बाबा खेळत राहिले. कडेचं प्यादं पुढे आलं, कोपऱ्यापासून दोन घरांवर थांबलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते खूश होते. एक उंट आणि एक प्यादं जास्त, समोर एकटा राजा. नवशिक्याला वाटतं तसं त्यांना वाटत होतं, की डाव जिंकलाच. पेपर तपासताना चूक सापडावी तशी मला ती खुशी सापडली.

मग मी राजा बाहेर काढला. कोपऱ्यापासून दूर, तिरका, एक घर. आता प्याद्याच्या थेट पुढच्या घरात उंट ठेवला, की माझा परतीचा रस्ता बंद: एक घर उंट धरणार, दुसरं प्यादं, आणि डाव बाबांचा. बाबा रविवारी शिकवायचे ती क्लबातली पोरंसुद्धा ती चाल डोळे मिटून खेळायची.

बाबांनी विचार केला. बराच. मग उंट एक घर मागे ओढला.

मी घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा बाहेर जाऊन त्यांना आणखी एक संधी देता आली असती. पण मी हरायलाच बसले, तर मग ते खेळणार कुणाशी? मी राजा परत नेला. त्यांचा राजा पुढे आला, माझा कोपऱ्यात शिरला. बाबांनी उंट आणून शेजारचं घर धरलं, हात झटकला आणि म्हणाले, "मात."

पंच टेबलाजवळ आले. काका त्यांच्या मागे उभे होते. ते जमिनीकडे बघत होते.

"बाबा," मी म्हटलं, "शह नाहीये."

त्यांनी पटावर बोट ठेवलं आणि उंटाच्या रेषेने, पांढऱ्या घरांवरून, सावकाश कोपऱ्याकडे आणलं. बोट कोपऱ्याशेजारच्या घरापर्यंत गेलं. तिथे थांबलं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

ते हसले नाहीत. "मग मला का दिसलं नाही?"

त्याचं उत्तर मी जिन्यात ऐकलं होतं. मी कागदावर अर्धा गुण लिहिला आणि सही केली. बाबांनीही केली, नीट, रेषेवर.

पुढच्या रविवारी ते ब्रश घेऊन क्लबात गेले. काका नको म्हणत होते, एखादं वर्ष राहू दे रिकामं, म्हणत होते. बाबांनी ऐकलं नाही. मी शिडी धरली होती. काकांचं नाव आठवायला त्यांना वेळ लागला, ते मी खालून सांगितलं. अक्षरं मात्र सरळ आली.