अपेक्षित आणि प्रत्यक्ष

थोरलीची नोकरी सुटून तीन महिने झाले होते. आता ती जेवणाच्या टेबलाशी मोबाइल घेऊन नव्या ॲपमधल्या चुका शोधत बसायची; कंपनीला कळवलेल्या दर चुकीमागे थोडे पैसे मिळायचे. पहिल्या रिपोर्टमध्ये तिने 'बटण चालत नाही' एवढंच खरडलं, तर तो परत आला. तेव्हापासून ती सगळं साग्रसंगीत लिहायची: मोबाइलचं मॉडेल, काय काय केलं की चूक पुन्हा दिसते, अपेक्षित काय, प्रत्यक्ष काय, शिवाय स्क्रीनचा व्हिडिओ.

आज पत्ता भरताना कीबोर्ड उघडला की 'पुढे' हे बटण त्याखाली गडप होत होतं. दुपारभर खपून तिने रिपोर्ट धाडला. उत्तर आलं: 'डुप्लिकेट'. म्हणजे तीच चूक दुसऱ्या कुणीतरी आधीच कळवली होती, आणि पैसे फक्त पहिल्यालाच. तिला ना राग आला, ना रडू.

"महिन्याचे किती झाले गं?" भाजी निवडता निवडता आईने विचारलं.

"अपेक्षित, घरभाडं. प्रत्यक्ष, मोबाइलचा रिचार्ज."

"मग हेही कळव की त्या मेल्यांना!"

"कळवलं असतं गं," ती सपाट आवाजात म्हणाली. "पण डुप्लिकेट म्हणतील."